सिंहासन छोटं झालं ते चाललं, दोन वर्षांचं पोर गाळलं ते नडलं

मागच्या उन्हाळ्यात प्रतापनगरच्या आमच्या घरी एक प्रयोग केला. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलर घरघरतोय, आणि जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही पाच जण बसलेलो. माझी भाची, तिच्या दोन मैत्रिणी, शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर आणि मी. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीतला लोहसिंहासनाचा परिच्छेद मी मोठ्यानं वाचला, मराठीत समजावून सांगितला आणि प्रत्येकाला पेन्सिल दिली. एकच अट होती: तिच्यावरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका विसरायची आणि ऐकलं तेवढ्यावरून चित्र काढायचं.

पाच चित्रं निघाली आणि पाचही वेगळी. एका मुलीचं सिंहासन कॅलेंडरवरच्या रायगडाच्या सिंहासनासारखं होतं, फक्त प्रभावळीच्या जागी तलवारी. दुसरीनं भंगारवाल्याच्या ठेल्यावर सळया रचलेल्या असतात तसा ढीग काढला आणि वर एक माणूस बसवला. मास्तरांनी कागद उभा धरला आणि नुसत्या पायऱ्याच पायऱ्या काढल्या. राजा वर ठिपक्याएवढा. माझ्या भाचीनं मात्र मालिकेतलंच सिंहासन काढलं. काढून झाल्यावर स्वतःच चिडली. "आत्या, मी पुस्तक आधी वाचलं होतं ना! मग माझं चित्र गेलं कुठं?"

महाकादंबऱ्यांवरच्या मालिका आता सारख्या येतात आणि प्रत्येक वेळी तेच भांडण पेटतं. पुस्तक वाचलेले म्हणतात, सगळं बिघडवलं. न वाचलेले म्हणतात, आम्हाला तर मजा आली. या भांडणात खरा प्रश्न हरवतो. पुस्तकाशी प्रामाणिक राहणं म्हणजे नेमकं काय, आणि ते तपासायचं कसं? मी एकाच जगातली दोन-तीन उदाहरणं घेऊन हे उलगडते. मार्टिन यांचं वेस्टरॉस हे ते जग, कारण तिथं लेखक स्वतः उघडपणे या विषयावर बोलला आहे. पुढं कथेतले मोठे प्रसंग उघड होतील. ज्यांना पुस्तकं किंवा मालिका अजून बघायच्या आहेत त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

## आपण तुलना कशाशी करतो?

पुस्तकाच्या वाक्यात फार थोडं दिलेलं असतं. बाकीचं आपण भरतो, आणि भरताना घरातलंच सामान वापरतो. कथेच्या उत्तर सीमेवर बर्फाची एक भिंत आहे. पुस्तकात ती सातशे फूट उंच आहे. दीक्षाभूमीचा स्तूप एकशेवीस फुटांचा, म्हणजे असे जवळजवळ सहा स्तूप एकावर एक. पण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आली ती लहानपणी बर्फाच्या कारखान्यात पाहिलेली लादी. भुसा चिकटलेली, कडेनं पाणी गळणारी, आत मधोमध पांढरी रेघ असलेली. मालिकेत निळसर, कोरडी, कड्यासारखी भिंत दिसली तेव्हा मला वाटलं, ही चुकली. पुस्तक पुन्हा उघडून पाहिलं. भुसा माझा होता, लेखकाचा नव्हता.

म्हणून कुठल्याही तक्रारीआधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पुस्तकात शब्दांत काय लिहिलं आहे, माझ्या डोक्यात काय उमटलं होतं, आणि पडद्यावर काय दिसलं. आपल्यातले बहुतेक जण दुसऱ्याची तुलना तिसऱ्याशी करतात आणि दोष देताना पहिल्याचं नाव घेतात. आणि माझ्या भाचीचं झालं तसंही होतं. पडद्यावरचं चित्र इतकं ठसठशीत असतं की आपलं चित्र पुसून त्याच्या जागी बसतं, आणि वर्षभरानं आपण शपथेवर सांगतो की पुस्तकात असंच होतं.

## लोहसिंहासनाचं काय झालं

आता ते सिंहासन नीट पाहू. 1996 साली आलेल्या पहिल्या कादंबरीत राजाचा मुख्य कारभारी नेड स्टार्क राजाच्या गैरहजेरीत त्याच्यावर बसतो, आणि आपल्याला ते त्याच्या पाठीतून कळतं. एगॉन या विजेत्यानं हरलेल्या शत्रूंच्या हजार तलवारी आपल्या ड्रॅगनच्या, बॅलेरियनच्या श्वासात तापवून हे बनवलं. ठोकायला 59 दिवस लागले. जे तयार झालं ते काळं, कुबड काढलेलं जनावर. टोकं, काटे, धारदार पट्ट्या. नेडला पाठ टेकता येत नाही, कारण मागं पोलादाचे दात आहेत. राजानं कधी निवांत बसू नये, असं एगॉनचं म्हणणं होतं.

2011 साली सुरू झालेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स'मधलं सिंहासन तुम्ही पोस्टरवर पाहिलंच असेल. तलवारींची पंख्यासारखी पाठ, दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या, आणि उंची? विक्रीला काढलेली त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती सव्वासात फुटांच्या आत-बाहेर होती. आपल्या लग्नाच्या स्टेजवरच्या खुर्च्यांपेक्षा थोडी उंच, एवढंच.

2013 साली मार्टिन यांनी लिहिलं की मालिकेचं सिंहासन सुंदर आहे, जगभर ओळखलं जातं, पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं असतं ते हे नव्हे. त्यांचं सिंहासन अवाढव्य, वेडंवाकडं, कुरूप. पुढं उभ्या लोखंडी पायऱ्या, आणि वरून राजा सगळ्या दरबाराकडं खाली बघतो. मार्क सिमोनेटी या फ्रेंच चित्रकारानं काढलेलं चित्र आपल्या मनातल्याच्या सगळ्यात जवळ जातं, हेही त्यांनी सांगितलं. त्याच लिखाणात कारणही दिलं आहे. मालिकेचं चित्रीकरण बेलफास्टच्या पेंट हॉलमध्ये होई. जहाजांचे भाग रंगवायला बांधलेली ती प्रचंड शेड. दरबाराचा सेट तिथं मोठा होता, पण पुस्तकातलं सिंहासन त्या शेडच्या दारातूनही आत आलं नसतं. त्यासाठी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलएवढा दिवाणखाना हवा.

हे वाचून मी मास्तरांच्या चित्राकडं पुन्हा पाहिलं. नुसत्या पायऱ्या आणि वर ठिपका. लेखकाच्या सगळ्यात जवळ तेच गेले होते. त्यांनी मालिका बघितलेली नाही.

पण सिंहासन छोटं झालं म्हणून कथेचं काय बिघडलं, हा पुढचा प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं तर सिंहासन कथेत काय काम करतं ते बघावं लागतं. एक, ते जिंकल्याची खूण आहे. दोन, राजाला सगळ्यांच्या वर नेऊन एकटं पाडतं. तीन, बसणाऱ्याला कापतं. पहिलं काम मालिकेत टिकलं. इतकंच नाही, 2013 सालच्या एका भागात लिटलफिंगर हा कारस्थानी दरबारी म्हणतो की इथं हजार तलवारी नाहीतच, दोनशेही नाहीत, मी मोजल्यात. मला ही जागा फार आवडते. सेट लहान पडला, तर लेखकांनी ते न्यून कथेतच घेतलं. सत्तेभोवती दंतकथा कशा वाढतात, हेच त्या संवादाचं सार झालं. दुसरं काम अर्धंमुर्धं टिकलं. तिसरं, कापण्याचं, जवळजवळ हरवलं. तिथं लोक आरामात मागं टेकून बसतात.

आणि तेच तिसरं काम 2022 साली 'हाउस ऑफ द ड्रॅगन' या त्याच जगातल्या दुसऱ्या मालिकेत परत आलं. आता तलवारी पायऱ्यांवर आणि आजूबाजूच्या फरशीवर पसरलेल्या आहेत. पुस्तकाएवढं उंच सिंहासन अजूनही नाही. पण पहिल्याच भागात राजा व्हिसेरिसच्या पाठीवर न भरणारी जखम दिसते, सिंहासनानंच केलेली, आणि पुढं वर्षानुवर्षं त्याचं शरीर सडत जातं. उंचीच्या हिशेबात ही मालिका पुस्तकापासून अजून दूरच आहे, आणि कामाच्या हिशेबात अगदी खेटून. मी ती प्रामाणिक धरते.

## चार इंची भिंत आणि नऊ इंची भिंत

भावानं महाल भागातलं जुनं घर दुरुस्त केलं तेव्हा मी आठवडाभर तिथं होते. मधली एक भिंत पाडायची होती. वहिनीनं ठोकून पाहिलं, म्हणाली, ही तर पोकळ वाजते, काढून टाका. मिस्त्री हसले नाहीत की वादही घातला नाही. शिडी लावून वर चढले, छताजवळचा गिलावा कोयत्यानं खरवडला आणि म्हणाले, "वहिनी, भिंत कशी वाजते ते नका पाहू. तिच्यावर काय टेकलं आहे ते पाहा." चार इंची भिंत नुसता आडोसा असतो, काढली तर खोली मोठी होते. नऊ इंची भिंतीवर तुळई टेकलेली असेल आणि ती काढली, तर आज कदाचित काही होणार नाही. पावसाळ्यात वरच्या मजल्याला तडा जातो.

रूपांतर, म्हणजे पुस्तकाची गोष्ट पडद्यासाठी नव्यानं बांधणं, हे अगदी असंच काम आहे. काहीतरी पाडावंच लागतं. सिंहासनाची उंची डोळ्यांना केवढी मोठी वाटते, पण तिच्यावर कथेचं फारसं काही टेकलेलं नाही. आणि कधी कधी ज्याच्याकडं कुणाचं लक्षही जात नाही त्याच्यावर आख्खा मजला उभा असतो.

आपल्याला हे महाभारतातून सहज कळेल. समजा कुणी मालिका काढली आणि म्हणालं, घटोत्कच राक्षस आहे, दाखवायला खर्च फार, शिवाय युद्धात एका रात्रीत मरतोच, काढून टाकू. ऐकायला वाजवी वाटतं. पण इंद्रानं दिलेली, एकदाच वापरता येणारी शक्ती कर्णानं अर्जुनासाठी राखून ठेवली होती, आणि चौदाव्या दिवशीच्या रात्री ती घटोत्कचावर खर्च झाली. घटोत्कच नाही तर सतराव्या दिवशी कर्णाच्या हातात ती शक्ती आहे. मग अर्जुन वाचतो कसा? आणि कवचकुंडलं देऊन कर्णानं मिळवलं काय? एक माणूस काढला आणि मागचे-पुढचे दोन प्रसंग लुळे पडले.

## मेलॉर नावाचं पोर

'हाउस ऑफ द ड्रॅगन'मध्ये हेच झालं, आणि घटोत्कचाच्या जागी होतं दोन वर्षांचं मूल. ही मालिका 2018 साली आलेल्या 'फायर अँड ब्लड' या पुस्तकावर आहे. एकाच घराण्याच्या दोन शाखा गादीसाठी लढतात. राजा दुसरा एगॉन आणि राणी हेलेना यांना पुस्तकात तीन मुलं: सहा वर्षांची जुळी, मुलगा जेहेरिस आणि मुलगी जेहेरा, आणि धाकटा मेलॉर.

शत्रूपक्षाचे दोन मारेकरी राजवाड्यात शिरतात. हेलेना मुलांना घेऊन रोज संध्याकाळी आजीकडं येते, तिथंच ते दबा धरून बसतात. ते सांगतात, मुलाच्या बदल्यात मुलगा हवा. दोघांपैकी कोणता ते तूच ठरव. हेलेना म्हणते, मला मारा. ते ऐकत नाहीत. उशीर केलास तर मुलीचे हाल करू, म्हणतात. शेवटी ती धाकट्याचं नाव घेते. का घेतलं, यावर पुस्तकात दोन तर्क आहेत: तो इतका लहान की त्याला काही कळणार नाही, किंवा मोठा गादीचा वारस होता. तेव्हा एक मारेकरी त्या लहानग्याला सांगतो की तुझ्या आईला तू मेलेला हवा आहेस, आणि दुसरा मोठ्या जेहेरिसला मारतो.

आता बघा काय उरलं. मेलॉर जिवंत आहे. रोज डोळ्यांपुढं आहे. ज्याच्या मरणाला आपण होकार दिला ते मूल आईला बघवत नाही. ती खात नाही, खोलीबाहेर येत नाही. मेलॉरला आजीकडं द्यावं लागतं.

2024 सालच्या दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात मेलॉर नाही. जुळीच आहेत. मारेकऱ्यांना झोपलेल्या मुलांतला मुलगा कोणता ते कळत नाही. हेलेना त्यांना गळ्यातला हार देऊ करते, मग मुलाकडं बोट दाखवते. ते त्याला मारतात. ती मुलीला उचलून निघून जाते. प्रसंग अंगावर येतो, अभिनय उत्तम आहे. पण निवड उरली नाही. पुस्तकातल्या हेलेनाला स्वतःच्या शब्दाचा डाग लागतो. पडद्यावरच्या हेलेनाला फक्त दुःख होतं.

इथवर हा एका प्रसंगाच्या धारेचा प्रश्न वाटेल. वर काय टेकलं आहे ते पुढं दिसतं. पुस्तकात राजधानी शत्रूच्या हाती पडताना मेलॉरला एका सरदाराबरोबर गुपचूप बाहेर काढतात. बिटरब्रिज गावी तो ओळखला जातो आणि जमावाच्या ओढाताणीत मरतो. त्याचा सूड म्हणून ते गाव जाळलं जातं. इकडं राजधानीत कैदेत असलेली हेलेना त्याच्या मरणाची बातमी आल्यावर खिडकीतून उडी टाकते आणि खालच्या खंदकातल्या लोखंडी सुळ्यांवर पडते. ती लोकांची लाडकी राणी. नव्या राणीनं, रेनिरानं तिला मारवलं, अशी अफवा त्याच रात्री पसरते, दंगल उसळते, ती वाढत जाऊन जमाव ड्रॅगनांच्या कोठारावर चालून जातो. तिथले ड्रॅगन मरतात. रेनिराला शहर सोडून पळावं लागतं. म्हणजे एका बाजूचा पाडाव ज्या उतरंडीनं होतो, तिच्यातलं तळाचं मडकं हे दोन वर्षांचं पोर आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये मार्टिन यांनी हेच लिहिलं. एक छोटा बदल पुढं मोठे बदल ओढून आणतो, फुलपाखरांपासून सावध राहा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. काही तासांतच ते लिखाण काढूनही टाकण्यात आलं. त्यात त्यांनी शोरनरची, म्हणजे मालिकेच्या लेखनाची आणि निर्मितीची सूत्रं ज्याच्या हातात असतात त्या रायन कॉन्डल यांची, बाजूही सांगितली होती. आणखी एक मूल, तेही दोन वर्षांचं, सेटवर आणणं वेळेला आणि खर्चाला जड होतं. मार्टिन यांनी विरोध केला, पण फार ताणला नाही, कारण मेलॉर पुढच्या पर्वात जन्माला येईल असं तेव्हा ठरलं होतं. मग तेही रद्द झालं.

हे कारण खोटं नाही. इंग्लंडच्या नियमांनुसार पाच वर्षांखालच्या मुलाला दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि दोन वर्षांचं मूल त्या दोन तासांतही रडणार, झोपणार. आपल्या घरी नुसता बारशाचा फोटो काढायचा तर किती वेळ जातो! तरी मिस्त्रींच्या भाषेत, ही भिंत नऊ इंची होती. पाडायची असेल तर आधी तुळईखाली दुसरा टेकू द्यायला हवा होता. हेलेनाच्या अपराधीपणासाठी काही वेगळं, तिच्या शेवटासाठी काही वेगळं.

## "लेखक म्हणाला म्हणजे मालिका चुकलीच ना?"

असं मी म्हणणार नाही. मार्टिन हे काही पडद्याचे अडाणी नव्हेत. कादंबऱ्यांची ही माला लिहिण्याआधी 1980च्या दशकात ते अमेरिकेत टीव्हीसाठीच लिहायचे. तिथं त्यांच्या पटकथा नेहमी मोठ्या व्हायच्या आणि खर्चापायी काटल्या जायच्या. त्याला कंटाळून त्यांनी कागदावर असं जग उभं केलं जिथं खर्चाची मर्यादाच नाही. पुस्तकातलं सिंहासन एवढं थोरलं आहे यामागं हेही एक कारण आहे. आणि तेच जग पुन्हा टीव्हीवर आलं! 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या चार पर्वांत प्रत्येकी एक भाग त्यांनी स्वतः लिहिला. म्हणजे तोडजोड त्यांना ठाऊक आहे.

शिवाय प्रत्येक बदल त्यांना खटकला असंही नाही. पुस्तकातला व्हिसेरिस हा खुशालचेंडू, जरा उथळ राजा. पडद्यावर पॅडी कॉन्सिडाइन यांनी त्याला झिजत जाणारा, प्रेमळ, दुबळा बाप केलं. हा माझ्यापेक्षा चांगला व्हिसेरिस आहे, असं मार्टिन यांनीच म्हटलं. स्वभाव एवढा बदलला, पण व्हिसेरिसवर जे टेकलं होतं ते, म्हणजे त्याच्या ढिलाईमुळं दोन्ही शाखांत वैर माजणं, जागेवर राहिलं. उलट आणखी पटलं.

## "पण हे पुस्तक तरी एक गोष्ट कुठं सांगतं?"

ही हरकत मास्तरांची, आणि तिनं मला बराच वेळ अडवलं. 'फायर अँड ब्लड' ही सरळ कादंबरी नाही. वेस्टरॉसचाच एक विद्वान, गिल्डेन, जुन्या साधनांवरून लिहितो आहे असा तिचा बाज आहे. आपल्याकडं बखरी असतात ना, तशी. एक साधन राजवाड्यातल्या धर्मगुरूचं, सेप्टन युस्टेसचं. एक मशरूम नावाच्या दरबारी विदूषकाचं, ज्याला प्रत्येक भानगड चवीनं सांगायची असते. एक दरबारी विद्वानाचं, ग्रँड मेस्टर मन्कनचं. तिघांचं पटत नाही. मग मालिकेनं चौथं काही सांगितलं तर प्रामाणिकपणा मोडला कसा म्हणायचा?

त्याचं उत्तर मी असं शोधलं. बखरकारांचं जिथं पटत नाही तिथं मालिकेला मोकळं रान आहे. बंद दाराआड कोण काय बोललं, कुणाचं कुणावर प्रेम होतं, मेलॉरला जमावातल्या नेमक्या कुणी मारलं, हे सगळं. पण मेलॉर होता आणि बिटरब्रिजला मेला, यात कुणाचाच वाद नाही. जिथं सगळ्या बखरी एक बोलतात तिथं हात घालायचा तर कारण मोठं लागतं. मास्तरांना हे अर्धंच पटलं. ते म्हणाले, तीन खोटारड्यांचं एकमत झालं म्हणून ते खरं होत नाही. बरोबर आहे. पण मी खरं-खोटं तपासत नाहीये, काय कशावर टेकलं आहे ते तपासते आहे.

## घडतं तेच, कारण वेगळं

एका जातीचा बदल सगळ्यात फसवा असतो. त्यात शेवट पुस्तकातलाच राहतो, म्हणून बदल झाला हे लक्षातच येत नाही. नेडचा मुलगा रॉब यानं फ्रे घराण्यातल्या मुलीशी लग्न करायचं वचन दिलेलं असतं. तो ते मोडतो आणि म्हणून मारला जातो. दोन्हीकडं हेच.

पण 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये तो टलीसा नावाच्या वैद्यकीय सेवा करणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडतो आणि लग्न करतो. पुस्तकात तो अवघा सोळा वर्षांचा आहे. एका किल्ल्यावर जखमी होतो, तिथली जेन वेस्टरलिंग त्याची शुश्रूषा करते. धाकटे भाऊ मारले गेल्याची बातमी तिथंच येते, त्या रात्री ती त्याला जवळ घेते, आणि दुसऱ्या दिवशी तिची अब्रू राखायला तो तिच्याशी लग्न करतो. आणखी एक गोष्ट आहे. हे काहीच आपल्याला पानावर दिसत नाही. या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून येतं, आणि रॉबच्या नजरेतून एकही नाही. तो नवरी घेऊन परततो तेव्हाच त्याच्या आईला, केटलिनला कळतं, आणि तिच्याबरोबर आपल्याला.

मला ही नऊ इंची भिंत वाटते. पुस्तकातला रॉब बापासारखाच अब्रूपायी मरतो, मालिकेतला प्रेमापायी. बापाचा दोष मुलात उतरणं, ही तुळई त्यावर टेकलेली होती. भाचीला हे मान्य नाही. "आत्या, तू काहून एवढी ताणून राहिली? वचन मोडलं ना दोघांनीही? फ्रेला कारणाशी काय करायचं आहे?" तिचं म्हणणं असं की सोळा वर्षांच्या पोराच्या जागी पंचविशीतला नट उभा केला तेव्हाच कारण बदलणं भाग पडलं. त्या वयाचा, लढाया जिंकणारा पुरुष एका रात्रीच्या भरवशावर राज्य घालवतो, हे बघणाऱ्याला पटलं नसतं. म्हणजे टेकू आधीच काढला गेला होता. लेखकांनी प्रेम आणून नवा दिला.

ते चूक आहे असं मला म्हणता आलं नाही. मग आम्ही तिसरं पुस्तक काढलं आणि रॉब जेनला घेऊन आईपुढं उभा राहतो ते प्रकरण शोधलं. भाची वाचत होती, मी ऐकत होते. तो जेनवर प्रेम असल्याचं बोलतो की नाही, हे दोघींनाही आठवत नव्हतं. डोळ्यांपुढं टलीसाच येत होती.